माल निघाला उदगीरहून, थांबला कुठे? सीजीएसटी-एसजीएसटी की आयजीएसटी, हे ठरवताना

पत्र

नमस्कार. उदगीरला माझा लोखंडी कपाटं आणि रॅक बनवायचा छोटा कारखाना आहे. जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, 27 ने सुरू होणारा. बिदरचा एक दुकानदार स्वतःचा टेम्पो घेऊन आला आणि 3 लाखांचा माल घेऊन गेला. माल माझ्या दारात ताब्यात दिला म्हणून मी 9-9 टक्के सीजीएसटी-एसजीएसटी लावला. आता तो म्हणतो क्रेडिट मिळत नाही, आणि टॅक्सचे 54,000 अडवून बसलाय. लातूरचा एक व्यापारी बिल त्याच्या नावाने करायला सांगतो आणि माल मात्र थेट बिदरच्या गिऱ्हाइकाकडे पाठवायला लावतो. तिथे आमचं सॉफ्टवेअर आयजीएसटी टाकतं. हैदराबादच्या एका कंपनीला लातूरच्या गोदामात रॅक बसवून हवेत, आणि त्यांना आयजीएसटीचंच बिल पाहिजे. शिवाय लग्नसराईत बिदरकडची माणसं येऊन एकेक कपाट नेतात. प्रत्येक वेळी नेमका कुणाचा पत्ता बघायचा?

— एक कारखानदार, उदगीर

उत्तर

नेहमी एकच पत्ता बघायचा असं धरून चाललात की गोंधळ होतो. तुमच्या बाजूचं राज्य ठरलेलं आहे: माल उदगीरहून निघतो, नोंदणी महाराष्ट्राची, म्हणजे 27. शोधायचं ते फक्त दुसरं टोक, कायद्याच्या भाषेत पुरवठ्याचं ठिकाण. ते महाराष्ट्रात आलं तर सीजीएसटी आणि एसजीएसटी, दुसऱ्या राज्यात गेलं तर आयजीएसटी. याला मोठा अपवाद एकच. विशेष आर्थिक क्षेत्रातल्या युनिटला दिलेला माल राज्यातल्या राज्यात असला तरी आंतरराज्य पुरवठा मानला जातो. ते गिऱ्हाईक आलं तर वेगळं बघा. तुमचे चारही प्रश्न आयजीएसटी कायद्याच्या कलम 10 मध्ये बसतात आणि प्रत्येकाला त्यातलं वेगळं पोटकलम लागतं.

आधी बिदरचा दुकानदार, कारण तिथे पैसे अडकलेत. मालाची हालचाल होत असेल तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे खरेदीदाराला पोचवण्यासाठी सुरू झालेली ती हालचाल जिथे संपते ती जागा. हालचाल पुरवठादाराने केली, खरेदीदाराने केली की तिसऱ्याच माणसाने, याने फरक पडत नाही, असं कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून टेम्पो कुणाचा, भाडं कुणी दिलं, माल कारखान्याच्या दारात ताब्यात दिला का, हे प्रश्न इथे गैरलागू आहेत. माल उदगीरहून निघून बिदरच्या दुकानात उतरला. ठिकाण कर्नाटक, कोड 29. 3,00,000 वर 18 टक्के दराने 54,000 आयजीएसटी लागायला हवा होता. तुम्ही लावलात 27,000 सीजीएसटी आणि 27,000 एसजीएसटी. रक्कम तीच असली तरी पैसे चुकीच्या खात्यात गेले.

दुकानदाराची तक्रार खरी आहे. त्याच्या जीएसटीआर-2बी मध्ये तुमचं बिल दिसत असेल, पण क्रेडिट न मिळणाऱ्या भागात, आणि कारणाच्या रकान्यात हे वाक्य असेल:

```
POS and supplier state are same but recipient state is different
```

महाराष्ट्रात भरलेला एसजीएसटी कर्नाटकातला व्यापारी वापरू शकत नाही आणि त्याच बिलावरचा सीजीएसटीही त्याला मिळत नाही. परराज्यातल्या गिऱ्हाइकाने हे वाक्य दाखवलं की आपलं पुरवठ्याचं ठिकाण पुन्हा तपासायचं, वाद घालत बसायचं नाही.

पण याचा अर्थ खरेदीदाराचा नंबर 29 ने सुरू होतो म्हणून आयजीएसटी, असा घेऊ नका. पुढची चूक नेमकी याच समजुतीतून होते. समजा बिदरचाच एक कंत्राटदार उदगीरच्या एका शाळेत काम करतोय. तो तुमच्याकडून रॅक घेतो आणि थेट त्या शाळेत उतरवतो. त्याच्यासाठी मालाची हालचाल उदगीरमध्येच संपली. नोंदणी कर्नाटकची असली तरी ठिकाण महाराष्ट्र, म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी, आणि ते क्रेडिट त्याला मिळणार नाही. त्याला हे ऑर्डरच्या वेळीच सांगा. माल भरून झाल्यावर सांगितलंत तर भांडण ठरलेलं. म्हणूनच नोंदणीकृत गिऱ्हाइकाला जीएसटी नंबर विचाराल तेव्हा त्याच दमात माल कुठे उतरणार तेही विचारा आणि बिलावर पोचवण्याचा पत्ता लिहा. तो पत्ता पुरवठ्याच्या ठिकाणापेक्षा वेगळा असेल तर बिलावर दाखवणं नियमानेच बंधनकारक आहे. गिऱ्हाईक स्वतःची गाडी घेऊन आलं तर ई-वे बिलात गाडीचा नंबर आणि शेवटचा पत्ता बिदरचाच टाका. बिलावर आयजीएसटी आणि ई-वे बिलात पोचण्याची जागा उदगीर, अशी जोडी तपासणीत सापडली तर समजावून सांगणं अवघड जातं.

आता लातूरचा व्यापारी. इथे तुमचं सॉफ्टवेअर चुकतंय आणि तुमची शंका बरोबर आहे. तिसऱ्या माणसाच्या सांगण्यावरून माल दुसऱ्याकडेच पोचवला, तर कायदा असं धरतो की तो माल सांगणाऱ्याला मिळाला, आणि पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे त्या सांगणाऱ्याचं व्यवसायाचं मुख्य ठिकाण. सांगणारा लातूरचा, नोंदणी 27. म्हणून गाडी राज्याची सीमा ओलांडून बिदरला गेली तरी तुमच्या बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच येतो. आधीच्या प्रकरणात माल कुठे थांबला ते बघितलं, इथे ते बघायचं नाही. हा फरक लोकांच्या गळी उतरत नाही, म्हणून आकड्यांत मांडतो.

तुम्ही लातूरच्या व्यापाऱ्याला 1,00,000 चा माल विकला. तुमचं बिल: 9,000 सीजीएसटी, 9,000 एसजीएसटी, पुरवठ्याचं ठिकाण महाराष्ट्र. त्याने तोच माल बिदरच्या गिऱ्हाइकाला 1,15,000 ला विकला. त्याच्या बिलात माल बिदरला थांबतो, म्हणून तो 20,700 आयजीएसटी लावतो. तुमच्याकडून मिळालेलं 18,000 चं क्रेडिट तो त्या आयजीएसटीपोटी वळवतो, आधी सीजीएसटीचं आणि मग एसजीएसटीचं, आणि खिशातून 2,700 भरतो. गाडी एक असली तरी बिलं दोन आहेत आणि कर दोन वेगळ्या प्रकारचे आहेत. दोन्ही बिलं बरोबर आहेत. तुम्ही पहिल्या बिलावर आयजीएसटी लावलात तरी त्याला क्रेडिट दिसेल आणि तो कदाचित तक्रारही करणार नाही. पण तुमच्याकडून महाराष्ट्राचा कर भरायचा राहिला असंच त्याचं रूप होईल, आणि ते खातं तुमच्याकडेच मागेल.

सॉफ्टवेअर का चुकतं? बरीच बिलिंग सॉफ्टवेअर पोचवण्याच्या पत्त्यावरचं राज्य उचलतात आणि तेच पुरवठ्याचं ठिकाण मानतात. टॅलीत किंवा तुम्ही जे वापरता त्यात पार्टीच्या तपशिलात पुरवठ्याचं ठिकाण हा वेगळा रकाना असतो. तो हाताने महाराष्ट्र करा, पोचवण्याचा पत्ता बिदरचा राहू द्या. उलटी चूक जास्त लपून राहते: पार्टीचं खातं पहिल्यांदा उघडताना राज्याच्या रकान्यात महाराष्ट्र आपोआप बसलेलं असतं आणि पुढे त्या पार्टीची सगळी बिलं तसंच निघत राहतात. तुमच्या बिदरच्या दुकानदाराचं खातं एकदा उघडून बघाच. परराज्यातल्या सगळ्या पार्ट्यांची यादी काढून जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक आणि खात्यातलं राज्य जुळतंय का ते तपासायला हवं. कर्नाटक 29, तेलंगण 36, महाराष्ट्र 27, एवढं तुमच्या पट्ट्यात पुरतं.

अशा मालाला ई-वे बिल एकच लागतं. त्यात व्यवहाराचा प्रकार `Bill To - Ship To` निवडा. बिलाच्या भागात लातूरचा व्यापारी, माल उतरण्याच्या भागात बिदरचा पत्ता. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखापर्यंतच्या मालाला ई-वे बिलातून सूट आहे, पण ती माल राज्यातच सुरू होऊन राज्यातच संपतो तेव्हाची. इथे बिलावर सीजीएसटी-एसजीएसटी असला तरी गाडी कर्नाटकात जाते, म्हणून 50,000 ची मर्यादा धरा. बिलावरचा कर पाहून ई-वे बिल न काढता गाडी सोडली आणि वाटेत ती अडवली, असं होऊ देऊ नका.

हैदराबादच्या कंपनीचं प्रकरण तिसऱ्या जातीचं आहे, आणि त्यात रक्कम मोठी असण्याची शक्यता असल्याने तिथे सगळ्यात सावध राहा. माल जागेवर जोडून किंवा बसवून द्यायचा असेल तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे ती बसवण्याची जागा. तुम्ही रॅकचे खांब, पट्ट्या, फळ्या नेऊन लातूरच्या गोदामात उभे करून देणार, म्हणून ठिकाण लातूर. ऑर्डर 36 नंबरवरून आली, पैसे हैदराबादहून आले, तरी बिलावर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी येणार. काम इतकं पक्कं असेल की ते इमारतीचाच भाग बनलं आणि त्याला बांधकामाचा करार मानावं लागलं, तरी सेवेच्या नियमाने स्थावर मालमत्ता जिथे आहे तेच ठिकाण, म्हणजे पुन्हा लातूरच. दोन्ही वाटा एकाच जागी पोचतात, हे इथलं सोपं.

कंपनीचा खरेदी विभाग आयजीएसटी का मागतो ते उघड आहे. समजा काम 8,00,000 चं. कर 1,44,000. हा 72,000 अधिक 72,000 असा महाराष्ट्राच्या खात्यात गेला तर फक्त तेलंगणची नोंदणी असलेल्या कंपनीला तो वापरता येणार नाही, तिचा तेवढा खर्च वाढला. पण म्हणून तुम्ही आयजीएसटीचं बिल द्यायचं नाही. चूक पुढे निघाली तर 1,44,000 पुन्हा तुम्हालाच भरावे लागतील आणि आधीचे परत मिळवायला अर्ज करत बसावं लागेल. त्यांना योग्य तोडगा सुचवा: कंपनी लातूरच्या गोदामातून माल ठेवून विकणार असेल तर तिला महाराष्ट्रात नोंदणी तशीही लागणारच आहे. ती घेऊन 27 चा नंबर द्या म्हणावं. मग ऑर्डरही त्याच नंबरवर, बिलही त्याच नंबरवर, कर सीजीएसटी-एसजीएसटी, आणि कंपनीला महाराष्ट्रातल्या विक्रीपोटी पूर्ण क्रेडिट. हे बोलणं दरपत्रकाच्या वेळीच झालं पाहिजे. दरपत्रकात एक ओळ टाका: पुरवठ्याचं ठिकाण लातूर, महाराष्ट्र, सीजीएसटी 9 टक्के, एसजीएसटी 9 टक्के. नंतर कुणी कुरकुर केली तर ती ओळ दाखवता येते.

राहिली लग्नसराईतली घरगुती गिऱ्हाइकं. त्यांच्याकडे जीएसटी नंबर नाही, आणि त्यांचा नियम 1 ऑक्टोबर 2023 पासून बदलला आहे. नोंदणी नसलेल्या माणसाला माल विकला तर पुरवठ्याचं ठिकाण म्हणजे बिलावर लिहिलेला त्याचा पत्ता. पत्ता लिहिलाच नसेल तर तुमची जागा, म्हणजे उदगीर. नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी पत्ता लिहिला असं धरलं जातं. म्हणजे बिदरकडच्या कुटुंबाने 18,000 चं कपाट घेतलं आणि बिलावर फक्त नाव आहे, तर सीजीएसटी-एसजीएसटी. त्याच बिलावर बिदर, कर्नाटक असं लिहिलंत, तर आयजीएसटी. एका बिलाची करपात्र रक्कम 50,000 किंवा त्याहून जास्त झाली की नाव, पत्ता, पोचवण्याचा पत्ता आणि राज्य लिहिणं सक्तीचं होतं, तिथे निवडीचा प्रश्न उरत नाही. त्याखाली गिऱ्हाइकाने पत्ता लिहायला सांगितला तर लिहावाच लागतो. पत्ता टाळून कर आपल्या सोयीने फिरवायची सवय मात्र लावून घेऊ नका. गाडी बिदरला सोडायची आणि बिलावर पत्ता नाही, असं वारंवार दिसलं तर विचारणा होते.

लातूरच्या मामाने बिदरच्या भाचीसाठी कपाट घेतलं आणि तिच्या घरी पोचवायला सांगितलं, तर? नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत बिलाचा आणि पोचवण्याचा पत्ता वेगळा असेल, तर पोचवण्याचाच पत्ता बिलावर गिऱ्हाइकाचा पत्ता म्हणून नोंदवा, असं जून 2024 च्या परिपत्रकात (क्रमांक 209) सांगितलं आहे. ठिकाण बिदर, कर आयजीएसटी. वर लातूरच्या व्यापाऱ्याच्या प्रकरणात नेमकं उलटं होतं. म्हणून तिसऱ्याच्या सांगण्यावरून माल पाठवताना पहिला प्रश्न हाच: सांगणाऱ्याकडे जीएसटी नंबर आहे का, आणि तो नंबर बिलावर येणार आहे का?

तुमच्याकडे रॅकची दुरुस्ती किंवा रंगकाम येत असेल तर तेवढं वेगळं ठेवा, कारण ती सेवा आहे. नोंदणीकृत गिऱ्हाइकाला दिलेल्या साध्या सेवेचं ठिकाण म्हणजे त्या गिऱ्हाइकाचं नोंदणीचं ठिकाण, काम कुठेही झालेलं असो. बिदरच्या दुकानदाराने जुनं कपाट उदगीरला आणून रंगवून नेलं तरी त्यावर आयजीएसटी.

आता अडकलेले 54,000 सोडवू. त्या महिन्याचा जीएसटीआर-3बी अजून भरला नसेल तर काम सोपं आहे: जीएसटीआर-1ए मधून बिल दुरुस्त करा, कर पहिल्यांदाच बरोबर खात्यात जाईल. भरून झाला असेल तर पुढच्या जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्तीच्या 9ए तक्त्यात ते बिल घ्या, पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक करा, 54,000 आयजीएसटी दाखवा आणि 3बी मधून तो भरा. दुकानदाराला सुधारित बिल द्या. त्याच्या 2बी मध्ये ते उतरलं की त्याला अडवून ठेवायला कारण उरत नाही. आधी भरलेले 27,000 आणि 27,000 परत मागायला पोर्टलवर आरएफडी-01 अर्ज भरा. त्यात हा प्रकार निवडायचा:

```
Tax paid on an intra-State supply which is subsequently held to be inter-State supply and vice versa
```

या वाक्यातला `held` हा शब्द बघून काही जण समजतात की आधी खात्याने चूक काढलेली असली पाहिजे. तसं नाही. करदात्याने स्वतः ओळखलेली चूकही यात येते, हे सप्टेंबर 2021 च्या परिपत्रकाने (क्रमांक 162) स्पष्ट केलं आहे. मुदत बरोबर कर भरल्याच्या तारखेपासून 2 वर्षं. उशिरा भरलेल्या आयजीएसटीवर व्याज लागत नाही, आयजीएसटी कायद्याच्या कलम 19 मध्ये ते सांगितलं आहे, त्यामुळे कुणी व्याज लावायला सुचवलं तर हे कलम दाखवा. परतावा मिळताना आधीचा कर रोखीने भरला होता तेवढा भाग बँकेत येतो आणि क्रेडिटमधून भरलेला भाग क्रेडिट म्हणूनच खात्यात परत येतो. म्हणून अर्जाआधी त्या महिन्याच्या 3बी मध्ये कोणता पैसा कुठून गेला ते काढून ठेवा, नाहीतर पूर्ण 54,000 रोख येतील या हिशेबाने तुम्ही पुढची देणी ठरवाल.

दुसरी वाट आहे क्रेडिट नोट देऊन जुनं बिल मिटवण्याची आणि आयजीएसटीचं नवं बिल काढण्याची. त्यात चुकीचा कर आपोआप वळता होतो, पण मग त्याच रकमेचा परताव्याचा अर्ज चालत नाही. दोन्ही वाटा एकत्र धरू नका. मी पहिली सुचवीन, कारण मूळ बिलाची तारीख तीच राहते आणि व्याजाचा प्रश्न उद्भवत नाही. फक्त 54,000 काही महिने अडकतील, ते आधी धरून चाला. आणि पुढच्या 3बी मध्ये सीजीएसटी-एसजीएसटीचे आकडे परस्पर कमी करून आयजीएसटीचा आकडा वाढवायचा, हा मार्ग कुणी सांगितला तरी घेऊ नका. जीएसटीआर-1 आणि 3बी जुळत नाहीत म्हणून नोटीस येते, आणि दुकानदाराचं 2बी तर तसंच राहतं.

एक तारीख मात्र चुकवू नका. ज्या आर्थिक वर्षातलं ते बिल आहे ते वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंतच जीएसटीआर-1 मध्ये दुरुस्ती करता येते, वार्षिक विवरण त्याआधी भरलंत तर त्याच दिवशी दार बंद होतं. दुकानदाराच्या क्रेडिटलाही तीच मुदत आहे. म्हणून त्याच्याशी आजच बोला आणि दुरुस्ती येत्याच जीएसटीआर-1 मध्ये टाका.